तेल उडून हात भाजला: हेड कुकनं रिपोर्ट कसा लिहावा

'फ्राय कुकच्या निष्काळजीपणामुळे गरम तेल हातावर उडाले. प्रथमोपचार करून दवाखान्यात पाठवले.'

आमच्या किचनच्या रजिस्टरमध्ये भाजण्याच्या जुन्या नोंदी आहेत, त्या जवळपास सगळ्या अशाच. दोन ओळी, खाली सही. हेड कुक झाल्यावर सुरुवातीला मीही असंच लिहायचो. नंतर एकदा सगळ्या नोंदी सलग वाचल्या. माणूस कोण होता ते कळत होतं, पण तेल का उडालं ते एकाही नोंदीत सापडेना. तेल आपणहून उडत नाही. वरून काही जड पडलं, कढई कलंडली किंवा तेलात पाणी गेलं, तरच उडतं. तळणीच्या स्टेशनवर बहुतेक वेळा तिसरं कारण असतं.

म्हणून मी या रिपोर्टकडे दोन पाण्यांचा हिशेब म्हणून बघतो. एक पाणी तेलात गेलेलं: ते कुठून आलं आणि कोणाच्या नजरेतून सुटलं. दुसरं पाणी नळाचं: ते भाजलेल्या हातावर किती लवकर पडलं आणि किती वेळ पडत राहिलं. या दोन्हींचा हिशेब लागला की डॉक्टर, मालक आणि विमा कार्यालय, तिघांना हवं ते त्यातच मिळतं.

पुढचं उदाहरण माझ्याच किचनचं आहे. मालवणी जेवणाचं हॉटेल, शनिवारची दुपार, बोंबील फ्राय.

पहिली वीस मिनिटं

१ वाजून ४२ मिनिटांनी फ्राय कुकनं बोंबलाचे चार तुकडे कढईत सोडले आणि तेल उसळून त्याच्या उजव्या हाताच्या पाठीवर, मनगटावर आणि मनगटाच्या वर चार बोटं आलं. त्यानं हात झटकला. बर्नर मी बंद केला. जवळच्या सिंकमध्ये धुवायच्या टोपांचा डोंगर होता. मसालची ते उचलेपर्यंत वेळ गेला, बारमधून एकानं बर्फाची वाटी आणली, दुसरा हळदीचा डबा घेऊन आला. दोघांनाही बाजूला केलं. हात नळाखाली गेला तेव्हा १ वाजून ४४ मिनिटं झाली होती.

वेळा इतक्या नेमक्या कशा कळल्या? ज्याचे हात मोकळे होते त्या हेल्परला मी पहिलं वाक्य म्हटलं ते हे: "मोबाईल काढ, टाइम बघ, केओटीच्या मागे लिही." रिपोर्टची सुरुवात अशीच करायची. कोणीतरी एकानं वेळ लिहायची, बाकी काही लिहायचं नाही. पाणी सुरू, कडं काढलं, पाणी बंद, रिक्षा निघाली, एवढ्या चार वेळा पुरतात. संध्याकाळी आठवून लिहिलेली वेळ कधीच बरोबर नसते. घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटं दहा वाटतात आणि नळाखालची सात मिनिटं वीस वाटतात.

नळाचं वाहतं, साधं गार पाणी पूर्ण २० मिनिटं हवं. तेल पाण्यापेक्षा वाईट भाजतं. उकळतं पाणी १०० अंशांवर थांबतं, तळणीचं तेल १७० ते १९० अंशांवर असतं, शिवाय ते कातडीला चिकटून राहतं. वरचं तेल गेलं तरी आतल्या थरांत उष्णता उतरत राहते. पाच मिनिटांत आग कमी वाटते आणि माणूस हात काढून घेतो, तिथेच चूक होते. सुरुवातीला पाणी मिळालं नसेल तरी भाजल्यापासून तीन तासांच्या आत ते लावल्यानं फायदा होतो, म्हणून 'आता काय उपयोग' म्हणून सोडून देऊ नये. बर्फ मात्र नको. बर्फानं रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच दुखावलेल्या कातडीला आणखी इजा होते.

हळद, टूथपेस्ट, शाई, तूप यांना मी विरोध करतो त्याचं एक कारण रिपोर्टशीही जोडलेलं आहे. डॉक्टर जखमेची खोली रंगावरून ओळखतात. हळद फासली की तो रंग दिसत नाही, आणि ती खरवडून काढताना पोरगं दुसऱ्यांदा होरपळतं.

नळाखाली हात असतानाच मनगटावरचं कडं, बोटातली अंगठी काढायची. थोड्या वेळात सूज येते, मग कडं कापावं लागतं. आमच्या कुकच्या मनगटावर कड्याखाली लाल धागा होता. त्यात तेल मुरलं होतं, आणि धाग्याखालची कातडी बाकीपेक्षा जास्त भाजली होती. त्याला विचारून धागा कात्रीनं कापला. हीच गोष्ट तेलानं भिजलेल्या बाहीची. कापड कातडीला चिकटलेलं नसेल तर लगेच काढायचं, चिकटलं असेल तर तसंच ठेवून त्यावरून पाणी सोडायचं.

वीस मिनिटं झाल्यावर हातावर क्लिंग फिल्म लांबीच्या दिशेनं नुसती अंथरली. गोल गुंडाळायची नाही, कारण हात सुजला की ती आवळते. रोलचा पहिला वेढा टाकून द्यायचा, तो सगळ्यांच्या हातातला असतो.

जागा पुसण्याआधी

एक माणूस नळापाशी असताना दुसऱ्यानं स्टेशन बघायचं. फरशीवर तेल पसरलेलं असतं आणि त्यावर घसरून दुसरा अपघात व्हायला वेळ लागत नाही. म्हणून लगेच दोन-तीन फोटो घ्यायचे, मीठ टाकून फरशी पुसायची, पण कढई, ट्रे आणि झारा यांना हात लावायचा नाही. किचनमधल्या लोकांना आवरायची सवय असते. पाच मिनिटांत सगळं चकाचक करून टाकतात, आणि कारणही त्याबरोबर मोरीत जातं.

मी तीन गोष्टी मोजल्या. कढईतलं तेल काठापासून ३ सेंटीमीटर खाली होतं. आमच्याकडे त्या कढईत ८ सेंटीमीटर मोकळे ठेवायचे असा रिवाज आहे. तेलाचं तापमान १ वाजून ५५ मिनिटांनी १६८ अंश होतं, तेव्हा बर्नर बंद होऊन १३ मिनिटं झाली होती. आणि चिलरमधून काढलेल्या बोंबलाच्या ट्रेच्या तळाशी पाणी होतं. ते वाटीत ओतून मोजलं, ६० मिली भरलं.

तापमानाचं लिहिताना हात आवरायला लागतो. '१९५ अंश तेल' असं लिहायचा मोह होतो, कारण आकडा भारदस्त दिसतो. मी फक्त मोजलेला आकडा आणि मोजल्याची वेळ लिहिली, आणि पुढे 'तळताना यापेक्षा जास्त असणार' एवढंच. तेलाच्या पातळीचंही तसंच. थंड तेल तळणीच्या तापमानाला पोचेपर्यंत साधारण दहा टक्के फुगतं. सकाळी थंड असताना खुणेपर्यंत ओतलेलं तेल दुपारी खुणेच्या वर दिसतं, आणि संध्याकाळी निवल्यावर मोजलं तर पुन्हा बरोबर भरतं. म्हणून पातळी तेल गरम असतानाच, लांब स्टीलच्या पट्टीनं, काठापासून खाली मोजायची.

पहिलं पाणी कुठून आलं

बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच. म्हणून घरीसुद्धा तो पाट्याखाली किंवा जड डब्याखाली दाबून ठेवतात. आमच्याकडे साफ केलेला बोंबील जाळीच्या ट्रेवर दोन तास वजनाखाली असतो, मग मसाला, मग रवा. ओलसर माशाच्या वरच्या रव्यातून पाणी हळूहळू वाफ होऊन बाहेर पडतं, तेव्हा नेहमीचा चुरचुर आवाज येतो. त्यात धोका नाही. सुटं पाणी, म्हणजे माशाच्या पोटात साठलेलं किंवा खालून ठिबकणारं, तेलापेक्षा जड असल्यानं सरळ तेलाखाली जातं आणि तिथे एकदम वाफ होतं. चहाच्या एका चमच्याएवढ्या, ५ मिली पाण्याची वाफ साधारण आठ लिटर होते. ती वर येताना मधलं तेल बरोबर घेऊनच येते. काठापर्यंत ३ सेंटीमीटरच जागा असेल तर ते तेल कढईबाहेरच पडणार.

इथपर्यंत भौतिकशास्त्र झालं. रिपोर्टमध्ये याच्या मागे जायचं असतं, आणि तिथे माणसं येतात.

मी केओटी काढून बघितल्या. मासळीवाला रोज नऊला येतो, त्या दिवशी ११:१५ ला आला. साफ करून बोंबील वजनाखाली गेला तेव्हा १२:१० झाले होते. १२:५० ला वजन काढलं, कारण मोरीच्या टेबलाची जागा कोळंबीला हवी होती. दोन तासांऐवजी ४० मिनिटं. शिवाय जाळीचा ट्रे रिकामा नसल्यानं बोंबील सपाट ट्रेत चिलरमध्ये गेला आणि स्वतःच्याच पाण्यात पडून राहिला. १:३४ ला दोन बोंबील फ्रायची पहिली केओटी, १:३८ ला दुसरी.

कुकचं म्हणणं मी दवाखान्यातून आल्यावर, चहा दिल्यावर, बाकी कोणी नसताना घेतलं. तो गढवालचा, हिंदी बोलतो. त्याचे शब्द हिंदीतच लिहिले: "पानी था ट्रे में शेफ, मैंने देखा था. पर आपने आवाज़ लगाई, तो डाल दिया."

खरं होतं. १:४० च्या सुमारास पासवरून मीच ओरडलो होतो, "बोंबील काढ, टेबल कधीपासून बसलंय!" हे वाक्य रिपोर्टमध्ये लिहायचं की नाही यावर मी बराच वेळ पेन धरून बसलो होतो. लिहिलं. ते नसतं तर चार तुकडे एकदम, हातानं, वीतभर उंचीवरून का टाकले याचं उत्तर 'निष्काळजीपणा' एवढंच उरलं असतं, आणि तो पोरगा काही निष्काळजी नाही. त्याच्या बाह्या वर दुमडलेल्या होत्या, तेही लिहिलं. त्या उकाड्यात सगळ्यांच्याच असतात, माझ्यासुद्धा, तेही लिहिलं.

जबानी घेताना 'तू असं का केलंस' असं विचारू नका. 'त्याआधी काय चाललं होतं' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला माणूस सफाई देतो, दुसऱ्याला घडलेलं सांगतो. आणि त्याच्या वाक्याला तुमची भाषा लावू नका. 'सदर कर्मचाऱ्याने ओलावा निदर्शनास येऊनही' अशा वाक्यात त्याच्यावर आरोप आपोआप चढतो.

जखम कशी लिहायची

'फर्स्ट डिग्री', 'सेकंड डिग्री' हे शब्द आपले नाहीत, ते डॉक्टरांच्या कागदावरून उतरवायचे. आपण डोळ्यांना दिसलं ते लिहायचं: कुठे, केवढं, रंग, फोड, दुखणं.

केवढं, याचं माप त्याच्याच जवळ असतं. माणसाचा स्वतःचा तळवा बोटांसकट त्याच्या अंगाच्या कातडीच्या साधारण एक टक्का भरतो. माझा पंजा त्याच्यापेक्षा मोठा, म्हणून त्याचाच डावा तळवा शेजारी धरून अंदाज घेतला, हात न लावता. दीड तळवा.

दुखण्याबद्दल एक गोष्ट उलटी आहे, ती किचनमधल्या प्रत्येकाला सांगावी. लाल, फोड आलेली, आग होणारी जखम वाईट दिसते. पण पांढरट, चामड्यासारखी झालेली आणि न दुखणारी जागा जास्त खोल भाजलेली असते. 'दुखत नाही म्हणतोय, बरं आहे' म्हणून त्याला परत स्टेशनवर उभं करणं हा सगळ्यात महागडा गैरसमज. फोड फोडायचा नाही. आणि हात, चेहरा, पाय, सांधा किंवा जांघेचा भाग असेल तर जखम केवढीही असो, दवाखाना. डोळ्यात तेल गेलं तर डोळा धुत राहायचा आणि ताबडतोब निघायचं. मोठा भाग भाजला असेल तर रिक्षा शोधत बसू नये, १०८ लावावा.

त्याच्या हातावर दवाखान्यात निघताना एकच लहान फोड होता. संध्याकाळपर्यंत चार झाले. भाजलेली जखम पहिले दोन-तीन दिवस बदलत असते, म्हणून पहिल्या नोंदीत 'किरकोळ' हा शब्द लिहूच नका. मागाहून तो खोडायला गेलात तर सगळ्या रिपोर्टवरच संशय येतो. नवीन दिसलं ते खाली नव्या तारखेनं जोडायचं, वरचं तसंच ठेवायचं.

मी लिहिलेला रिपोर्ट

> शनिवार, दुपारी १:४२. फ्राय स्टेशन, डावी कढई. फ्राय कुक बोंबलाचे चार तुकडे हातानं, सुमारे वीतभर उंचीवरून तेलात सोडत असताना तेल उसळलं. उजव्या हाताची पाठ, मनगट आणि मनगटाच्या वर चार बोटं भाजलं. अंदाजे त्याचे दीड तळवे. लाल, खूप आग, अंगठ्याच्या मुळाशी एक लहान फोड. लाल धाग्याखालची जागा जास्त लाल.
>
> १:४४ नळ सुरू (सिंक टोपांनी भरलेलं होतं, दोन मिनिटं गेली). १:४७ कडं काढलं, धागा कापला. २:०४ नळ बंद, क्लिंग फिल्म अंथरली. २:१० हेल्परबरोबर रिक्षानं दवाखान्यात. बर्फ, हळद, मलम काहीही लावलं नाही.
>
> मोजलेलं: तेल काठापासून ३ सेंमी (रिवाज ८). १:५५ ला तेल १६८ अंश, बर्नर १:४२ ला बंद; तळताना यापेक्षा जास्त असणार. बोंबलाच्या ट्रेत ६० मिली पाणी. कोटाच्या बाह्या दुमडलेल्या.
>
> त्याआधी: मासळी ११:१५ ला आली (रोज ९). बोंबील वजनाखाली १२:१० ते १२:५० (रिवाज २ तास). जाळीचा ट्रे नव्हता. १:४० च्या सुमारास मी पासवरून घाई करायला सांगितलं.
>
> बघणारे: मसालची, तंदूरचा कुक. दोघांचं म्हणणं वेगळ्या पानावर, त्यांच्या सह्यांनी.

एवढंच. यात 'दुर्दैवी' नाही, 'खेद' नाही, 'चूक' हाही शब्द नाही. मालकांनी वाचून विचारलं, "तुझंच नाव का घातलंस?" मी म्हटलं, ती ओळ काढली तर पुढच्या शनिवारी पुन्हा हेच लिहावं लागेल.

जखमेचा फोटो काढायचा तर त्याला विचारून, चेहरा न घेता, आणि तो फक्त रिपोर्टबरोबर ठेवायचा. स्टाफच्या ग्रुपवर टाकायचा नाही. हे सांगावं लागतं, कारण आमच्याकडे तो टाकून झाला होता.

कागद पुढे कुठे जातो

ज्या हॉटेलला ईएसआयसी लागू आहे (साधारणपणे दहा किंवा जास्त कामगार) आणि ज्याचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे, त्याच्या बाबतीत मालकानं अपघाताचा रिपोर्ट, म्हणजे फॉर्म १२, ईएसआयसीच्या पोर्टलवर भरायचा असतो. तो २४ तासांच्या आत भरावा. काम करता न येण्याचे दिवस पुरेसे असतील तर कामगाराला त्या दिवसांसाठी सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के भरपाई मिळते. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. त्या फॉर्ममध्ये विचारतात ते म्हणजे वेळ, जागा, काम काय चालू होतं, जखम कुठे, साक्षीदार कोण. वरचा रिपोर्ट समोर असेल तर तो भरायला दहा मिनिटं लागतात. 'निष्काळजीपणा'वाल्या दोन ओळी असतील तर तिथेच अडकतो, आणि पोराचे पैसेही.

काय बदललं

'सर्वांनी काळजी घ्यावी' हा उपाय नव्हे. जे जाऊन बघता येतं तेच मी उपायात लिहितो. कढईच्या आत ८ सेंटीमीटरवर छिन्नीनं खूण केली, आणि गरम तेल त्याच्या वर दिसलं तर काढायचं असं ठरलं. बोंबलाच्या ट्रेवर टेप लावून वजन ठेवल्याची वेळ लिहायची. तळण्याआधी एक तुकडा कोरड्या टिशूवर दहा आकडे मोजेपर्यंत दाबायचा. टिशू आरपार भिजला तर बोंबील परत वजनाखाली जातो. मीठ आणि मसाला लागल्यावर मासा आणखी पाणी सोडतो, म्हणून ही परीक्षा मसाल्यानंतर आणि रव्याआधी घ्यायची. आधी घेतली तर फसवते.

तुकडे दोन-दोनच, कढईच्या काठाजवळून, तेलाला लागूनच, आपल्यापासून लांबच्या दिशेनं सोडायचे, म्हणजे उडालंच तर पलीकडे उडतं. लांब तुकडा असेल तर आपल्याकडचं टोक आधी टेकवायचं आणि दुसरं पुढे झोपवायचं. बाह्या खाली. जाड सुती बाही चार थेंब अडवते, वाटीभर तेल अडवत नाही. उलट ते शोषून धरते. म्हणून बाहीवर भरवसा ठेवून पातळी वाढवू नये.

फ्राय स्टेशनजवळचं सिंक सर्व्हिसच्या वेळात रिकामं ठेवायचं, हे पाळून घेणं सगळ्यात अवघड गेलं. जागा रिकामी दिसली की किचनमध्ये कोणीतरी टोप ठेवतोच. शेवटी नळाखाली लाल रंगानं चौकोन काढला आणि तिथे टोप दिसला की तो ठेवणाऱ्यालाच घासायला लावला.

एक उपाय मात्र माझ्यासाठी होता. बोंबील तयार नसेल तर फ्राय कुक स्वतः बोर्डावर 'बोंबील नाही' लिहील, मला विचारायची गरज नाही.

रिपोर्टच्या खालच्या जोडनोंदी अशा आहेत. तिसरा दिवस: ड्रेसिंग बदललं, धाग्याखालची जागा खोल आहे असं डॉक्टर म्हणाले, धनुर्वाताचं इंजेक्शन पहिल्या दिवशीच झालेलं. अकरावा दिवस: फोडांची जागा सुकली, मूठ वळते, मनगट ताणलं की दुखतं. एकोणिसावा दिवस: कामावर हजर, डॉक्टरांचा दाखला जोडला, दोन आठवडे कटिंग टेबलावर, आचेजवळ नाही. त्याच दिवशी मासळी १०:५० ला आली. १२:४० ला बघितलं तर बोर्डावर त्याच्या डाव्या हातच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'बोंबील ढाई बजे के बाद'.